महामार्गासाठी मोटारसायकल : इंजिन किती सीसीचे?

गेल्या जून महिन्यात बी. एस्सी. भाग दोनचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. घर कोल्हापूरला, शिक्षण बेळगावात. दर शनिवारी घरी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. यंदा धाकटी बहीणही इथे शिकायला आलेली, त्यामुळे पुष्कळदा डबलसीट. वडिलांनी मोटारसायकल घेऊन देण्याचे कबूल केले होते, पण घरात दोन तट पडले होते. वडील म्हणत, "शंभर सीसीची घे, साठ-पासष्टचे ॲव्हरेज देते, पोटापुरती पुष्कळ झाली." मामा म्हणत, "हायवेला जायचे तर साडेतीनशेच हवी." विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, खरे कुणाचे?"

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. कागद-पेन्सिल घेऊन दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. त्या कागदावर जे गणित झाले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो आहे. दर आठवड्याला धारवाड, कोल्हापूर किंवा गोव्याकडे दुचाकीने जाणारे आपल्या महाविद्यालयात कमी नाहीत, आणि प्राध्यापकही त्यात आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सीसी हे इंजिनाच्या पोटाचे माप आहे, ताकदीचे नव्हे. सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होताना किती घन सेंटिमीटर जागा व्यापतो, एवढेच ते सांगते. त्या जागेतून शक्ती किती निघेल हे इंजिन किती वेगाने फिरते, झडपा कशा आहेत, यांवर अवलंबून असते. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे असून त्याची कमाल शक्ती सुमारे २० अश्वशक्ती आहे. याउलट आपल्याच बाजारात २५० सीसीची २७ अश्वशक्तीची गाडी आलेली आहे. म्हणजे लहान पोटाचा गडी मोठ्यापेक्षा जास्त ओझे उचलतो. मात्र तो धापा टाकत, फेऱ्या वाढवून उचलतो, आणि मोठा सावकाश उचलतो. तेव्हा दुकानात प्रथम शक्तीचा आकडा विचारावा आणि सीसी नंतर.

आता प्रश्न असा की, महामार्गावर शक्ती लागते किती? चौपदरी रस्त्यावर दुचाकीला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे. त्यामुळे शंभर-सव्वाशेचा वेग हा आपला विषयच नाही. ८० चा वेग, तोही दोन तास, वारा-चढ-ओझे यांसह टिकवता येतो का, एवढेच पाहायचे आहे.

सपाट रस्त्यावर सरळ जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी अडवतात : टायरांचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि हवा. पहिली वेगानुसार फारशी बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधाशी झुंजायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला, तर हवेपुरती शक्ती आठपट लागते. ६० वरून ८० वर गेलो तर वेग एकतृतीयांशच वाढतो, परंतु हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ अडीचपट होते. आपण मंडळी ताठ बसून, पाठीला सॅक लावून जातो. अशा स्वाराचा हवेला लागणारा "अंगठसा", म्हणजे आकार आणि समोरचे क्षेत्रफळ मिळून होणारे माप, मी ०.६ चौरस मीटर धरले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, म्हणून हवेची घनता थोडी कमी, घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरली.

शंभर सीसीची गाडी म्हणून हिरो स्प्लेंडर घेतली. इंजिन ९७.२ सीसी, कमाल शक्ती जवळजवळ ८ अश्वशक्ती, म्हणजे ५.९ किलोवॅट, वजन ११२ किलो. स्वार ७० किलोचा आणि सामान १० किलोचे. हवेचा रोध ८० च्या वेगाला येतो १६३ न्यूटन, टायरांचा २८. दोन्ही मिळून १९१ न्यूटन. याला सेकंदाला २२.२ मीटर या वेगाने गुणले की चाकाशी ४.२ किलोवॅट लागतात. साखळी आणि गियर यांत बारा टक्के गळती धरली, तर इंजिनाने ४.८ किलोवॅट द्यायला हवेत.

इंजिनापाशी आहेत किती? कंपनी सांगते ५.९. पण ती संख्या समुद्रकाठच्या घनदाट हवेतली. आपल्याकडे हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये प्राणवायू सुमारे आठ टक्के कमी जातो, म्हणून ५.४ धरावे. (२०२० च्या एप्रिलपासून सर्व नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. इंजेक्शन पेट्रोलचे प्रमाण अचूक जुळवते, पण जी हवाच नाही ती कुठून आणणार?) म्हणजे वारा पडलेला असताना, सपाटीवर, एकटा स्वार ८० ने जात असला तर ही गाडी आपल्या ताकदीच्या सुमारे नव्वद टक्के खर्च करीत असते. हाच स्वार ६० वर उतरला की इंजिनाकडून केवळ २.३ किलोवॅट मागितले जातात. तेव्हा निम्म्याहून अधिक दम शिल्लक असतो. वडिलांची गाडी वाईट नव्हे. तिचा नैसर्गिक वेग साठ-पासष्ट आहे, एवढेच.

क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो. तिला त्याच रस्त्यावर ८० साठी इंजिनाकडून ५.१ किलोवॅट लागतात, म्हणजे वजन वाढूनही मागणी फारशी वाढलेली नाही, कारण मुख्य शत्रू हवा आहे. तिच्यापाशी मात्र उंचीची वजावट करूनही १३.७ किलोवॅट आहेत. ती आपल्या शक्तीच्या सदतीस टक्क्यांवर चालते. वर्गात मी हिशोबात "हातचा" राखायला सांगतो. महामार्गावर मोटारसायकल निवडताना हा हातचा किती, हेच पाहायचे असते.

तो कुठे खर्च होतो ते आता पाहू. पहिला गिऱ्हाईक म्हणजे वारा. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा काही वादळ नव्हे. पण ८० च्या गाडीला तेव्हा हवा १०० च्या वेगाने भिडते, आणि इंजिनाकडे मागणी जाते ७.१ किलोवॅटवर. शंभर सीसीपाशी ५.४ आहेत. याचा अर्थ थ्रॉटल पूर्ण पिळूनही काटा सत्तरच्या आसपास घसरतो आणि तिथेच राहतो. ज्यांनी कोल्हापूरहून पावसाळ्यात परतताना नैर्ऋत्येचा वारा खाल्ला आहे, त्यांना हे आकडे न मांडताच माहीत आहे.

दुसरा गिऱ्हाईक चढ. काकती सोडल्यावर वंटमुरीचा घाट, आणि संकेश्वरच्या पुढे निपाणीपूर्वी तवंदीचा. समजा शंभर मीटरांत चार मीटर चढ आहे आणि मागे ५५ किलोची बहीण बसली आहे. शंभर सीसीची गाडी इथे फार तर ६५-६८ चा वेग धरील, तोही गियर नेमका जुळला तर. तिला चारच गियर असतात. चौथ्यात दम तुटतो म्हणून तिसरा टाकावा, तर इंजिन किंचाळू लागते. मागून ट्रक येत असतो, आणि घाटात डावीकडे सरकायला जागा नसते.

तिसरा गिऱ्हाईक ओव्हरटेक. हा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे थोडे थांबतो. ट्रक ६० ने चालला आहे, आपण त्याच्यामागे ६० वर आहोत, आणि ८० वर जाऊन पुढे निघायचे आहे. वेग वाढवणे म्हणजे गतिज ऊर्जा वाढवणे. ती ऊर्जा फक्त शिल्लक शक्तीतून येते, एकूण शक्तीतून नव्हे. डबलसीट शंभर सीसीला ६० वरून ८० वर जायला सोळा सेकंदांहून अधिक लागतात, आणि तेवढ्यात गाडी ३०० मीटरांहून अधिक अंतर काटते. ही संख्याही सगळे काही जुळून आले तर. ३५० ला डबलसीट असतानाही योग्य गियरमध्ये चार सेकंद आणि ऐंशीएक मीटर पुरतात. गियर न बदलता नुसती रेस दिली तर याच्या दुप्पट धरावे.

या सोळा सेकंदांची माझी एक आठवण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, माझ्याकडे शंभर सीसीची गाडी होती तेव्हा, जानेवारीच्या एका संध्याकाळी निपाणीच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकालाही नाही. दुरुस्तीसाठी त्या टप्प्यात एकच बाजू चालू होती, म्हणजे समोरची वाहतूक आमच्याच रस्त्यावर. ट्रॅक्टर पार केला, आणि त्याच्याच पुढे चाललेला एक टेंपो मला आधी दिसला नव्हता. मी टेंपोच्या बरोबरीला आलो आणि गाडीचा वेग वाढेना. समोरून बसचे दिवे येताहेत, पुढे जाता येत नाही, मागे ट्रॅक्टर आहे म्हणून मागे सरकता येत नाही. टेंपोवाल्या भल्या माणसाने ब्रेक मारून मला आत घेतले. चूक माझीच, पुढचे नीट पाहिल्याशिवाय निघालो. परंतु तशी चूक निस्तरायला लागणारा हातचाही माझ्यापाशी नव्हता. गाडी ओव्हरटेकच्या मधोमध अडकते ती नेहमी अशीच : निघताना वाटते वेग आहे, निम्म्यात कळते वाढ नाही.

मग मामाचे म्हणणे खरे? पूर्ण नाही. मधला वर्ग या भांडणात कुणी विचारातच घेतला नव्हता. १५० सीसीची पल्सर घ्या : १४ अश्वशक्ती, वजन १४८ किलो. आपल्या उंचीवर तिच्यापाशी साडेनऊ किलोवॅट उरतात. एकट्याला ८० साठी ती निम्मी शक्ती वापरते. वीसच्या समोरच्या वाऱ्यात सुमारे पाऊण. त्या चार टक्क्यांच्या चढावर डबलसीट ८० ला आठ किलोवॅट लागतात, म्हणजे जेमतेम पण निभावते. १२५ सीसीच्या गाड्या सुमारे आठ किलोवॅटच्या असतात. त्या सपाटीवर ८० ला दोनतृतीयांश शक्तीवर चालतात, पण समोरचा वारा आला की हातचा संपतो. म्हणून माझा अंदाज असा की, नियमाने महामार्गावर जाणाऱ्याची खरी सीमारेषा १२५ आणि १५० यांच्यामध्ये आहे. १५० आणि ३५० यांच्यामधली रेषा सोय, आराम आणि डबलसीटचे प्रमाण यांची आहे.

या सीमारेषेला योगायोगाने कायद्याचीही जोड आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याखालच्यांना त्या नियमाने दोन्ही चाके एकत्र थांबवणाऱ्या जोड-ब्रेकची मुभा होती. ८० च्या वेगात अचानक कुत्रे आडवे आले आणि पावसात पुढचा ब्रेक दाबला गेला, तर चाक लॉक होऊन गाडी आडवी होणे आणि न होणे यांतला फरक हा एबीएस असतो. शिवाय जुन्या घडणीच्या शंभर सीसीला पुढेही ड्रम ब्रेक आणि अरुंद टायर असतात. तिचे इंजिन उद्या जादूने वाढवून दिले, तरी थांबवण्याची व्यवस्था साठच्याच वेगाची राहते. छोट्या गाडीचे इंजिन खोलून वाढवणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते.

वजनाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलले जाते, आणि दोन्ही बाजू अर्धवट खऱ्या आहेत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या रस्त्याला बराचसा आडवा लागतो. त्यात ट्रक शेजारून गेला की ११२ किलोची गाडी हातभर सरकते, १९५ किलोची तेवढी सरकत नाही. परंतु तीच १९५ किलोची गाडी पंक्चर झाल्यावर हत्तरगीच्या चढावर ढकलून पाहावी, किंवा वसतिगृहाच्या चिंचोळ्या बोळात उलटी फिरवावी. ज्याचे पाय दोन्ही बाजूंना पूर्ण टेकत नाहीत, त्याने मोठी गाडी घेण्यापूर्वी ती उताराकडे तोंड करून उभी करावी आणि स्वतः मागे ओढून पाहावी. जमले नाही तर सीसीचा प्रश्न तिथेच संपला.

आता पैसा. कोल्हापूर जाऊन-येऊन २२० किलोमीटर. शंभर सीसीचे ॲव्हरेज शहरात साठच्या वर असले, तरी ८० ने पिळल्यावर पंचावन्न धरा, चार लिटर. ३५० चे पस्तीस धरा, सव्वासहा लिटर. दर खेपेला सव्वादोन लिटरांचा फरक, वर्षाला पंचेचाळीस खेपा, म्हणजे शंभरएक लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असल्याने हा वर्षाचा दहा-अकरा हजारांचा फरक झाला. टायर आणि साखळी यांचा खर्चही मोठ्या गाडीला अधिक. मूळ किंमत दुपटीहून जास्त. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांवर ४० झाला. त्यामुळे ३४९ च्या गाडीला एक आयती खिंड मिळाली आहे, पण ती अजूनही विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे. दुसऱ्या पारड्यात वेळ टाका. ११० किलोमीटर ६० ने गेले तर एक तास पन्नास मिनिटे, ८० ने गेले तर एक तास बावीस मिनिटे. फरक अर्ध्या तासाचा. कुणाला तो अर्धा तास महाग नसेल, आणि ज्याला एकट्याने, दिवसाउजेडी, डाव्या बाजूने ६० ने जाण्याचा संयम आहे, त्याने वडिलांचे ऐकून शंभर सीसी खुशाल घ्यावी. मात्र हा संयम परतीच्या अंधारातही टिकतो का, हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे.

आपल्या हातातली गाडी पुरेशी आहे की नाही, हे गणिताशिवायही कळते. वारा नसलेल्या सकाळी, रहदारी कमी असताना, सपाट आणि मोकळ्या टप्प्यात गाडी शेवटच्या गियरमध्ये ६० वर स्थिर करावी, मागे नेहमीचे माणूस आणि नेहमीचे सामान असावे. मग थ्रॉटल पूर्ण उघडून काटा ८० वर जाईपर्यंतचे सेकंद मागच्याने घड्याळावर मोजावेत. चालवणाऱ्याने घड्याळाकडे मुळीच पाहू नये. दहा-बारा सेकंदांत गेली, तर गियर उतरवून ती आणखी लवकर जाईल, चिंता नाही. पंधराच्या पुढे गेली किंवा ७५ वर अडकून बसली, तर ती गाडी महामार्गाची नाही. दुसरी खूण : ८० वर जात असताना मनगट किती पिळलेले आहे ते पाहावे. जवळजवळ शेवटाला टेकले असेल, तर गाडी सांगते आहे की माझ्यापाशी आता काही नाही. तास-दीड तासाने हात बधिर होणे, आरशात मागचे ट्रक थरथरणारे दिसणे, याही त्याच सांगण्याच्या तऱ्हा आहेत.

विद्यार्थ्याने अखेर दोन वर्षे वापरलेली १६० सीसीची गाडी घेतली, एबीएसची. वडिलांनी ॲव्हरेज विचारले, त्याने पंचेचाळीस सांगितले, आणि वडील गप्प बसले. पहिल्या खेपेला संकेश्वरच्या पुढच्या सरळ टप्प्यात बहिणीने मागे बसून सेकंद मोजले. शेवटच्या गियरमध्ये अकरा, एक गियर उतरवून आठ. तो कागद त्याने मला आणून दिला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मामांनी मात्र सीटवर बसून पाहिले आणि सीट कडक आहे एवढाच शेरा मारला. तो खरा आहे. पुढच्या पगारात सीट बदलून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.